फॉलोअर भाड्याचे, यादी घरची

29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. लाखोंनी फॉलोअर मिळवलेल्या गावोगावच्या कलाकारांचा प्रेक्षक एका आदेशासरशी नाहीसा झाला. पुढच्या वर्षी 4 ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा आपल्याच ग्राहकांना निरोप कसा द्यायचा हे अनेक छोट्या व्यावसायिकांना कळेना. फॉलोअर हे त्या कंपनीच्या जागेत भाड्याने राहतात. मालकाने दार लावलं की आपणही बाहेर आणि तेही बाहेर.

स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आर्थिक नियोजनकाराला हा धोका जास्त आहे. त्याच्याकडे माणूस आज रील पाहतो आणि निर्णय दोन वर्षांनी घेतो: मुलगी दहावीला गेल्यावर, वडील आजारी पडल्यावर किंवा नोकरी बदलल्यावर. तोपर्यंत त्याच्या लक्षात राहायचं, तर त्याच्यापर्यंत आपला स्वतःचा रस्ता हवा. तो रस्ता म्हणजे ईमेलची यादी आणि त्या यादीत येण्याचं निमित्त म्हणजे फुकट दिलेली एक चेकलिस्ट.

व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला, असं कोणीही विचारेल. साध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यांनाच तो निरोप पोचतो. रील पाहून आलेला अनोळखी माणूस तुमचा नंबर साठवत बसत नाही. शिवाय विम्याबद्दलचा तुमचा निरोप 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडला जातो. ईमेल मात्र सहा महिन्यांनी शोधली तरी सापडते.

आता चेकलिस्ट कशाची? बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. 'श्रीमंत होण्याचे दहा मार्ग' असं काही ठेवलं की ईमेल पत्ते भराभर येतात, पण येणारी गर्दी शेअरच्या टिपा शोधणारी असते. ती मंडळी फी देऊन नियोजन करून घेणाऱ्यांतली नसतात. चेकलिस्टने माणसं निवडली पाहिजेत. जे काम अर्धवट राहिलंय हे घरातल्या कर्त्या माणसाला मनोमन ठाऊक आहे, आणि जे सुटीच्या दिवशी तासाभरात तपासून होईल, असं काम घ्यावं. माझ्या मते त्यासाठी नॉमिनीच्या नोंदींसारखा दुसरा विषय नाही.

ए-फोर आकाराच्या एका पानाची ही यादी कशी दिसेल ते पाहू. पहिली ओळ पीएफची. अविवाहित असताना पीएफला जे नॉमिनेशन केलं असेल, ते लग्नानंतर रद्द ठरतं आणि नव्याने भरावं लागतं. पंधरा वर्षं संसार केलेल्या कित्येकांना हे माहीत नसतं. त्या ओळीपुढे एक चौकोन, त्याखाली 'कुठे पाहायचं' म्हणून ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवरची ई-नॉमिनेशनची जागा. दुसरी ओळ बँकेची: बचत खातं, प्रत्येक एफडी आणि लॉकर वेगवेगळे तपासायचे, कारण एका ठिकाणचं नॉमिनेशन दुसरीकडे लागू होत नाही. मग डिमॅट आणि म्युच्युअल फंड, पीपीएफ, विमा पॉलिसी. शेवटी सोसायटीतला फ्लॅट. त्याचा नॉमिनेशन अर्ज सोसायटीच्या दप्तरी नोंदला आहे का, हे सेक्रेटरीला विचारूनच कळतं. तळाशी एक खुलासा हवा: नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी मालक होत नाही, पैसे किंवा शेअर ताब्यात घेऊन ते कायदेशीर वारसांपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. हे वाचल्यावर माणूस मृत्युपत्राचा विचार करू लागतो आणि तिथून नियोजनकाराचं खरं काम सुरू होतं.

या पानावर तारीख छापायला विसरू नये. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येऊ लागले आणि त्या दिवशी जुन्या सगळ्या पीडीएफ शिळ्या झाल्या. म्हणूनच फाइल ईमेलला जोडून पाठवण्यापेक्षा तिची लिंक द्यावी. नियम बदलला की मूळ फाइल बदलायची आणि 'तुमच्याकडची यादी जुनी झाली, ही नवी घ्या' असं एक पत्र सगळ्यांना धाडायचं. विक्रीचा एक शब्दही न काढता लिहायला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

फॉलोअरला ही चेकलिस्ट मागण्याच्या अर्जापर्यंत आणायचं कसं, हा पुढचा भाग. इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबली जात नाही. प्रोफाइलमधली लिंक आणि स्टोरीवर चिकटवायची लिंक, एवढेच सरळ दरवाजे. तिसरा मार्ग 'खाली नॉमिनी असं लिहा, यादी पाठवतो' हा. कोणी तो शब्द लिहिला की त्याला आपोआप खासगी निरोप जातो. हे चालतं, पण अशा संभाषणात प्रचाराचे निरोप पाठवायला मेटाने समोरच्याच्या उत्तरानंतर 24 तासांचीच मुभा ठेवली आहे. म्हणून त्या पहिल्याच निरोपात अर्जाची लिंक द्यावी. गप्पा नंतर.

अर्जात नाव आणि ईमेल एवढंच मागावं. फोन नंबर मागितला की विमावाल्यांच्या फोनला कंटाळलेला माणूस तिथूनच परत फिरतो. चेकलिस्ट लगेच पडद्यावर उघडून देऊ नये, नाहीतर लोक abc@gmail.com असा काहीतरी पत्ता टाकून मोकळे होतात. ती ईमेलनेच पाठवावी, आणि त्याआधी एका वेगळ्या ईमेलमध्ये 'हो, मीच अर्ज भरला' असं पुष्टीचं बटण दाबून घ्यावं. काही जण या पायरीवर गळतात. गळू द्यावेत. पुढची पत्रं पाठवण्यासाठीची संमती मात्र वेगळ्या, आधीच खूण न केलेल्या चौकोनात घ्यावी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमती स्पष्ट आणि ठरावीक हेतूसाठी दिलेली हवी असते, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असायला हवं.

इथे सेबीचाही विचार करायचा. नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला लागू असलेली जाहिरात संहिता सोशल मीडिया आणि ईमेललाही धरून आहे. नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि बाजारातल्या जोखमीचा ठरलेला इशारा हवा. खात्रीशीर परताव्याची भाषा नको. 'यांच्यामुळे माझं भलं झालं' छापाची ग्राहकांची प्रशस्तिपत्रकंही नकोत. 'पहिल्या पन्नास जणांना भेटवस्तू' हे तर नकोच, बक्षिसांच्या योजनांना संहितेत मनाई आहे. पूर्वमंजुरीचा नियम आपल्या मजकुराला कसा लागतो, हे देखरेख संस्थेकडून आधी समजून घ्यावं. नॉमिनीच्या चेकलिस्टचा आणखी एक फायदा इथे दिसतो: तिच्यात कुठल्याही फंडाचं किंवा शेअरचं नाव येत नाही.

आता एक कल्पित हिशेब मांडू. समजा, ठाण्यातल्या एका नियोजनकाराचे 6,000 फॉलोअर आहेत. पीएफ आणि लग्नाची गोष्ट सांगणारं रील 1,500 जणांनी पाहिलं, 60 जणांनी लिंक दाबली, 24 जणांनी अर्ज भरला, 18 जणांनी पुष्टी केली. आठवड्याला एक असं दोन महिने केलं आणि आकडे तसेच राहिले, तर 144 नावं होतात. 6,000 पुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण गळती कुठे आहे हे त्यातून कळतं. लिंक बऱ्याच जणांनी दाबली आणि अर्ज थोडेच आले, तर पानात दोष आहे: ते मोबाइलवर सावकाश उघडत असेल किंवा अर्ज लांबलचक असेल. अर्ज भरपूर आणि पुष्टी कमी, तर पत्र स्पॅममध्ये जातंय. पुष्टीही होते पण महिनाभरात एकही उत्तर येत नाही, तर विषयच चुकीच्या लोकांना ओढतोय. कोणती लिंक चालते हे कळण्यासाठी प्रत्येक ठिकाणच्या लिंकला `?utm_source=instagram` किंवा `?utm_source=facebook` अशी वेगळी शेपटी जोडावी. 'किती जणांनी पत्र उघडलं' या आकड्यावर फार विसंबू नये. 2021 पासून अ‍ॅपलच्या मेलमधल्या गोपनीयता सोयीमुळे न उघडलेली पत्रंही उघडल्यासारखी मोजली जातात. आलेली उत्तरं मोजावीत.

स्पॅमचं दुखणं बहुधा पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असतं. साध्या जीमेलच्या पत्त्यावरून एखाद्या ईमेल सेवेमार्फत शेकडो पत्रं पाठवली की ती संशयास्पद ठरतात. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्यावा आणि त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात. वेबसाइट करून देणाऱ्या माणसाचं हे छोटंसं काम आहे. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली ठेवायलाही सांगितलं. म्हणजे हजार पत्रांमागे तीन जणांनी 'स्पॅम' दाबलं तरी तुमची गाडी अडते. म्हणूनच जुन्या ग्राहकांचे, लग्नाच्या निमंत्रण यादीतले किंवा विकत घेतलेले पत्ते या यादीत कोंबू नयेत.

चेकलिस्ट पाठवून गप्प बसणं हीदेखील नेहमीची चूक. चेकलिस्टच्या पत्रातच शेवटी एक प्रश्न असावा: 'यातल्या कुठल्या ओळीवर अडकलात? उत्तर द्या, मी वाचतो.' दोन-तीन दिवसांनी सोसायटीच्या नॉमिनेशनवर एक पत्र, आठवड्याने मृत्युपत्रावर एक, आणि त्यानंतर पहिल्यांदा भेटीचं आमंत्रण, फी किती ते स्पष्ट लिहून. पुढे पंधरा दिवसांतून एक पत्र पुरे. सहा महिने जो एकाही पत्राला प्रतिसाद देत नाही, त्याला 'राहायचंय का?' असं एकदा विचारून नाव काढून टाकावं.

आणि वाचकहो, तुम्ही अर्ज भरणाऱ्यांच्या बाजूला असाल, तर फुकटची चेकलिस्ट जरूर घ्या, पण आधी पानावर सेबीचा नोंदणी क्रमांक शोधा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत मध्यस्थांच्या यादीत तपासून पाहा. चेकलिस्टसाठी कोणी पॅन, आधार किंवा डिमॅट क्रमांक मागत असेल, तर ते पान तिथेच बंद करा. पीएफचं नॉमिनेशन मात्र आजच बघून घ्या, त्यासाठी कुणाला ईमेल द्यायची गरज नाही.