परळचे टॉवर आणि आकाशातली वीज

उंच इमारतीला वीजरक्षण लागते ते वीज अडवण्यासाठी नव्हे. पडलेली वीज ठरलेल्या वाटेने, आतल्या माणसांना आणि यंत्रणेला धक्का न लावता जमिनीत उतरवण्यासाठी ते लागते. गच्चीवरचे टोचे आणि जाळी वीज झेलतात, डाउन कंडक्टर ती खाली आणतात आणि अर्थिंग तिला मातीत पसरवते. या तीन टप्प्यांचे संकल्पन भारतात IS/IEC 62305 या मानकानुसार होते, तर अर्थिंगसाठी IS 3043 पाहिले जाते. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिल्यापासून परळ आणि लोअर परळमध्ये हा विषय चाळींच्या काळापेक्षा फार वेगळा झाला आहे.

उंचीने बदललेले गणित

एखाद्या इमारतीवर वर्षाला किती वेळा वीज पडू शकते, हे तिच्या प्लॉटच्या आकारावर फारसे ठरत नाही, उंचीवर ठरते. मानकानुसार इमारत आपल्या उंचीच्या तिप्पट अंतरापर्यंतची वीज स्वतःकडे घेते असे धरतात. परळमधला 36 मीटर लांब, 24 मीटर रुंद आणि 180 मीटर उंच असा टॉवर उदाहरणादाखल घेतला, तर त्याचे हे झेलक्षेत्र जवळजवळ एक चौरस किलोमीटर भरते. तेवढ्याच पायावरच्या 15 मीटर उंच चाळीचे झेलक्षेत्र साधारण 12,600 चौरस मीटर, म्हणजे टॉवरच्यापेक्षा पाऊणशेपट कमी. चौरस किलोमीटरला वर्षाकाठी दोन वेळा वीज पडते असे गृहीत धरले आणि शेजारच्या टॉवरांमुळे आकडा निम्मा केला, तरी या टॉवरवर सरासरी वर्षाला एकदा वीज पडेल. चाळीच्या बाबतीत हीच गोष्ट अनेक दशकांतून एकदा घडते.

धोक्याचे मोजमाप करून इमारतीला चारपैकी एक संरक्षण पातळी दिली जाते. या टॉवरला दुसरी पातळी लागू झाली असे समजू. तिच्यात 150 किलोअँपिअरपर्यंतचा झोत गृहीत धरतात. 30 मीटर त्रिज्येचा काल्पनिक गोल इमारतीवरून फिरवून तो जिथे जिथे टेकतो तिथे वीज झेलणारा भाग बसवतात. गच्चीवरच्या जाळीचे चौकोन 10 मीटरपेक्षा मोठे ठेवत नाहीत. पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम, मोबाइलचे अँटेना हे सारे या गोलाखाली झाकले गेले पाहिजे. आपला टोचा दूरवरूनच वीज ओढून घेतो आणि एकट्याने सगळी इमारत सांभाळतो, असा दावा करून काही साधने विकली जातात. मानक मात्र टोच्याची प्रत्यक्ष उंची आणि जागा एवढेच विचारात घेते.

डाउन कंडक्टर किती आणि कुठे

दुसऱ्या पातळीसाठी डाउन कंडक्टरांमधले अंतर साधारण 10 मीटर असते. उदाहरणातल्या टॉवरचा घेर 120 मीटर, म्हणून 12 कंडक्टर लागतात. आधी चार कोपरे घ्यायचे, कारण वीज बहुधा कोपऱ्यावर आणि कडेवर पडते. मग लांब बाजूंवर प्रत्येकी तीन आणि रुंद बाजूंवर मध्यावर एकेक. लांब बाजूला अंतर 9 मीटर येते, रुंद बाजूला 12 मीटर. सरासरी 10 मीटर राहते आणि थोडा फरक मानकाला चालतो. सगळे कंडक्टर एकाच डक्टमधून खाली आणले तर संख्या पुरी होते, पण उपयोग जातो.

इतक्या वाटा कशासाठी, हे एका आकड्यातून कळते. विजेचा झोत मायक्रोसेकंदांत वाढतो, आणि इतक्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहाला सरळ तारसुद्धा विरोध करते. हा विरोध तारेच्या रोधामुळे नसतो, इंडक्टन्समुळे असतो. 150 किलोअँपिअरचा झोत 10 मायक्रोसेकंदांत चढला आणि सगळा एकाच पट्टीतून गेला, तर तिच्या दर 10 मीटर लांबीवर सुमारे दीड लाख व्होल्टचा फरक तयार होतो. पट्टी जाड केल्याने तो फारसा घटत नाही. झोत बारा वाटांत सारखा विभागला तर मात्र तो साडेबारा हजारांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात वीज पडलेल्या जागेजवळच्या वाटांना वाटा जास्त मिळतो आणि खाली जाताना तो समान होत जातो.

याच कारणाने कंडक्टर आणि जवळचे पाइप, केबल, खिडक्यांच्या चौकटी यांच्यात ठिणगी उडू शकते. ती टाळण्यासाठी किती अंतर सोडावे, याचे मानकातले सूत्र असे आहे:

```
s = (ki / km) × kc × l
```

यात `l` ही जोडणीच्या जागेपर्यंतची कंडक्टरची लांबी, `kc` हा त्या कंडक्टरच्या वाट्याला येणाऱ्या प्रवाहाचा अंश, `ki` हा संरक्षण पातळीचा गुणांक आणि `km` हा मधल्या माध्यमाचा. दुसऱ्या पातळीला `ki` 0.06 आहे आणि हवेसाठी `km` 1. एकच कंडक्टर असेल आणि पूर्ण 180 मीटर लांबी धरली, तर 10.8 मीटर अंतर सोडावे लागेल, आणि मध्ये भिंत असेल तर त्याच्या दुप्पट. बारा कंडक्टरांनी ते बरेच कमी होते, पण टॉवरच्या वरच्या मजल्यांवर राहत्या घरांत एवढी मोकळी जागा सोडणे शक्यच नसते. म्हणून उंच इमारतीत बाहेरून पट्ट्या उतरवून भागत नाही. कॉलममधल्या सळयांनाच डाउन कंडक्टर करावे लागते. काँक्रीटमधले पोलाद पायापासून गच्चीपर्यंत विद्युतदृष्ट्या अखंड असेल आणि इमारतीतले धातूचे भाग त्याला जोडलेले असतील, तर हे अंतर सोडण्याची गरज मानक ठेवत नाही. सगळ्या भागांचा दाब एकत्र चढतो आणि एकत्र उतरतो, म्हणून ठिणगीला वाव उरत नाही.

सळईची वाट साइटवर कशी तयार होते

अखंडता कागदावर लिहून येत नाही, ती स्लॅब भरण्याआधी तयार करावी लागते. निवडलेल्या बारा कॉलमांत प्रत्येकी एक ठरलेली सळई रंगाने खुणावतात. प्रत्येक जोडावर तिचे वेल्डिंग करतात किंवा क्लॅम्प लावतात आणि बीमच्या सळयांशी ती जोडतात. बीमच्या सळया बाराही कॉलम एकमेकांशी बांधतात, त्यामुळे वेगळ्या आडव्या रिंगची गरज राहत नाही. लिफ्टचे रूळ, पाण्याचे पाइप, काचेच्या दर्शनी भागाच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी आणि बाल्कनीचे कठडे जोडता यावेत म्हणून कॉलममधून धातूचे टर्मिनल बाहेर काढून ठेवतात.

चूक बहुतेक वेळा इथेच होते. दहाव्या मजल्यावर खुणेची सळई एक असते, अकराव्यावर दुसरीच जोडली जाते, आणि काँक्रीट पडल्यावर ते कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्लॅबआधी फोटो काढणे आणि मजला झाल्यावर मोजणी करणे हाच उपाय. गच्चीवरच्या टर्मिनलपासून जमिनीजवळच्या टर्मिनलपर्यंतचा एकूण रोध 0.2 ओहमपेक्षा जास्त भरू नये. मजल्यामजल्याने मोजत गेले तर तुटलेली जागा नेमकी सापडते. सगळे बांधून झाल्यावर आकडा जास्त आला, तर बाहेरून पट्टी उतरवण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही.

60 मीटरपेक्षा उंच इमारतीवर वीज बाजूनेही पडू शकते. म्हणून वरच्या 20 टक्के उंचीला, म्हणजे या टॉवरच्या 144 मीटरपासून वरच्या भागाला, बाजूचे संरक्षण लागते. कोपरे, बाहेर आलेल्या बाल्कन्या आणि कठडे यांना आधी प्राधान्य. सळयांना जोडलेला ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग पुरेसा जाड असेल तर तो हे काम करतो.

दहा ओहम, एक ओहम

वीजरक्षणाच्या अर्थिंगचा रोध 10 ओहमपेक्षा कमी असावा, अशी मानकाची शिफारस आहे. ट्रान्सफॉर्मर आणि मुख्य पॅनेलसाठी प्रत्यक्षात 1 ओहमचे लक्ष्य ठेवतात. वीजरक्षणाची आणि विजेच्या पुरवठ्याची अर्थिंग वेगवेगळी ठेवायची जुनी सवय उंच इमारतीत धोक्याची ठरते, कारण वीज पडताच दोघांत प्रचंड दाबफरक तयार होतो. दोन्ही जोडून एकच जाळे केले की कडक असलेले 1 ओहमचे लक्ष्य सगळ्यांना लागू होते. तरीही 150 किलोअँपिअर आणि 1 ओहम यांचा गुणाकार दीड लाख व्होल्ट येतो. कमी रोध एकटा माणसाला वाचवत नाही. वाचवते ती सगळ्या धातूची परस्पर जोडणी आणि मुख्य पॅनेलवरचे सर्ज प्रोटेक्शन.

हे लक्ष्य गाठणे परळच्या जमिनीत सोपे नाही. परळ हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. कुठे भराव आणि खाऱ्या चिकणमातीचा थर आहे, तर कुठे थोड्याच खोलीवर मुरूम आणि काळा बेसाल्ट लागतो. टॉवरच्या पायाभोवती साधारण 38 बाय 26 मीटरची पट्टीची रिंग टाकली आणि मातीची रोधकता 50 ओहम-मीटर असेल, तर रिंगचा रोध ढोबळमानाने 0.94 ओहम येतो. तेवढीच रिंग तीन मजली बेसमेंटच्या तळाशी 1000 ओहम-मीटरच्या घट्ट खडकावर पडली, तर तो 19 ओहमच्या जवळ जातो. तिथे कोळसा-मीठ टाकलेले दोन-चार पिट पुरत नाहीत. ओल असलेल्या थरापर्यंत पोहोचणारे खोल बोअर आणि त्यांत बेंटोनाइटने भरलेले इलेक्ट्रोड लागतात. म्हणून खोदाई सुरू होण्यापूर्वीच वेगवेगळ्या खोलीवर रोधकता मोजलेली असावी.

बेसमेंटची आणखी एक अडचण वॉटरप्रूफिंगची. राफ्टखाली मेंब्रेन अंथरले की पायातल्या सळया जमिनीपासून तुटतात. म्हणून मेंब्रेनच्या खाली, पीसीसीत किंवा मातीत, वेगळी रिंग टाकून तिचे टोक पाणी न गळणाऱ्या बुशिंगमधून आत आणतात. ही वेळ एकदाच येते. मातीत गाडलेली पट्टी गॅल्व्हनाइज्ड असेल आणि काँक्रीटमधल्या सळयांना जोडली असेल, तर त्या जोडीत जस्त झिजते, आणि खाऱ्या भरावात आणखी वेगाने. मातीतल्या भागासाठी तांबे किंवा स्टेनलेस स्टील वापरणे टिकाऊ ठरते.

मोजणी आणि पाहणी

एवढ्या मोठ्या रिंगचा खरा रोध मोजायला मोजणीचे खुंट तिच्या कर्णाच्या पाचपट लांब, म्हणजे 200 मीटरपेक्षा जास्त दूर ठोकावे लागतात. परळच्या डांबरी रस्त्यांत तशी जागा मिळत नाही, म्हणून अनेक ठिकाणी क्लॅम्प मीटर लावून काम उरकले जाते. एकमेकांना जोडलेल्या पिटवर हा मीटर 0.3 ओहम दाखवतो, पण तो रोध जोडलेल्या वर्तुळाचा असतो, जमिनीचा नव्हे. त्यावरून जोडणी शाबूत आहे एवढेच कळते. जमिनीचा आकडा पाया भरतानाच, परिसर मोकळा असताना घेऊन ठेवावा.

ताबा घेताना सोसायटीने चार कागद मागून घ्यावेत: पायाच्या रिंगचा मोजणी अहवाल, मजल्यामजल्याची सळयांच्या अखंडतेची नोंद, स्लॅबआधीचे फोटो आणि डाउन कंडक्टरांचा नकाशा. पुढे गच्चीवर कुणी कॅमेरा, अँटेना किंवा एसीचे युनिट बसवले, तर ते वीजरक्षणाच्या जाळीत जोडल्याशिवाय राहू देऊ नये. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या इमारतीत दरवर्षी डोळ्यांनी पाहणी आणि दर दोन वर्षांनी पूर्ण मोजणी करावी, असे मानक सांगते. पावसाळ्याआधीच्या गडगडाटी वादळांपूर्वी, म्हणजे एप्रिलमध्येच ही पाहणी उरकून घ्यावी.