काटकोनात वळणाऱ्या बलाचा भार टेकूच्या पिनेवर

जुन्या रेल्वे केबिनमध्ये लिव्हर ओढला की रुळांच्या कडेने जाणारा लांब दांडा सरकतो. पण पॉइंटची पाती आडवी हलवायची असतात. म्हणून वळणावर इंग्रजी L आकाराची तरफ बसवतात. ती बेल क्रँक. तिच्या कोपऱ्यातल्या भोकातून टेकूची पिन जाते, आणि ओढीचा खरा भार या पिनेवरच पडतो.

समजा, दांड्याकडची भुजा 200 मिमी आणि पात्याकडची 150 मिमी आहे. दांडा 3000 न्यूटनने ओढला, तर तरफेच्या नियमाने दुसऱ्या टोकाला 4000 न्यूटन मिळतात, कारण 3000 गुणिले 200 आणि 4000 गुणिले 150 सारखेच. मग पिनेवर किती? पटकन उत्तर येते सात हजार. सरळ तरफेत टेकू मधे असता आणि दोन्ही बले समांतर असती, तर ते बरोबर ठरले असते. इथे ती एकमेकांशी काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरसचा कर्ण काढायचा: 5000 न्यूटन. त्याची दिशाही तिरकी, मोठ्या बलापासून सुमारे 37 अंशांवर. म्हणून क्रँकची बैठक धरणारे बोल्ट दोन्ही बाजूंनी पक्के हवेत.

आणखी एक सुंदर गोष्ट. क्रँक थोडी फिरली आणि दांड्यांच्या दिशा जवळपास तशाच राहिल्या, तर दोन्ही भुजांची परिणामकारक लांबी सारख्याच प्रमाणात घटते. बलांचे गुणोत्तर बदलत नाही, त्यामुळे पिनेवरच्या भाराची दिशाही बदलत नाही. परिणाम असा की बैठकीत घट्ट बसलेली पिन एकाच बाजूने, तिरक्या रेषेत झिजते. पॉइंट परत नेताना दांडा ढकलला की भार उलटतो आणि समोरची बाजू झिजू लागते.

20 मिमी जाडीची पिन आणि 25 मिमी रुंद बुश घेतला, तर 5000 भागिले 500, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 10 न्यूटन इतका दाब येतो. दोन्ही बाजूंना आधार असलेली हीच पिन कापली जाण्याच्या दृष्टीने हिशोब केला, तर दर चौरस मिलिमीटरला फक्त 8 न्यूटन ताण येतो. पोलादाला हा काहीच नव्हे. पिन तुटत नाही, झिजते. म्हणून तिचा आकार ठरवताना मजबुतीपेक्षा दाब आणि ग्रीस महत्त्वाचे.

झीज वाढली की पिनेभोवती ढिलाई येते. भाराच्या दिशेने 1 मिमी ढिलाई असेल, तर या क्रँकमध्ये पात्याच्या टोकाला सुमारे सव्वा मिलिमीटर हालचाल वाया जाते. केबिनमधला लिव्हर पूर्ण ओढला तरी पाते तेवढे कमीच सरकते. म्हणून दांडा आलटून पालटून ओढून-ढकलून पाहा. पात्याआधी क्रँकचा कोपराच हलत असेल, तर दांड्यांची लांबी जुळवत बसू नका. आधी पिन आणि बुश बदला.