पगार मोठा, पण फेअर चार्ट कुणी बघितला?

औषध कंपनीत एमआरची नोकरी मिळते तेव्हा घरात चर्चा पगाराच्या आकड्याची होते. जुना एमआर मात्र नव्याला पहिला प्रश्न वेगळाच विचारतो : “तुझा एसएफसी बघितलास का?” एसएफसी म्हणजे स्टँडर्ड फेअर चार्ट. कोणत्या गावाला गेल्यावर किती किलोमीटरचे पैसे मिळणार आणि ते गाव कोणत्या वर्गात मोडते, हे त्यात लिहिलेले असते. फिरतीच्या नोकरीत खरा पगार किती, हे या कागदावर ठरते.

सातारा हेडक्वार्टर असलेल्या एका एमआरचे उदाहरण घेऊ. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची रीत सगळीकडे हीच. साताऱ्यातच काम असेल तो हेडक्वार्टरचा दिवस. कोरेगाव, वाई किंवा कराडला जाऊन रात्री घरी परत यायचे, तो एक्स-स्टेशनचा दिवस. फलटण किंवा दहिवडीला मुक्काम करायचा, ते आउटस्टेशन. रोजचा भत्ता, म्हणजे डीए, हेडक्वार्टरला 200, एक्स-स्टेशनला 275 आणि आउटस्टेशनला लॉजसकट 700 रुपये. बाइकसाठी किलोमीटरमागे 3 रुपये. बाइक अर्थातच स्वतःची. जाहिरातीतच ‘टू-व्हीलर व लायसन आवश्यक’ असे छापलेले असते.

पहिली मेख आहे ती किलोमीटरमध्ये. चार्टवरचे अंतर गावापासून गावापर्यंत धरतात. सातारा-कराड जाऊन-येऊन सुमारे 100 किलोमीटर, तेवढेच मंजूर. पण कराडात पोहोचल्यावर एका दवाखान्यातून दुसऱ्यात, मग केमिस्टकडे, स्टॉकिस्टकडे, डॉक्टर भेटले नाहीत म्हणून संध्याकाळी पुन्हा तिथेच, या फेऱ्या चार्टला दिसत नाहीत. रात्री घरी आल्यावर बाइकचा मीटर 125 दाखवतो. महिन्याचा मेळ घातला तर चार्टवर 1600 किलोमीटर आणि मीटरवर 2000.

कंपनीकडून 4,800 रुपये मिळाले. लिटरला 50 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले तर पेट्रोलला 4,200 गेले. म्हणजे 600 रुपये सुटले, असे वाटते. इथेच बहुतेक जण फसतात, कारण पेट्रोल रोज खिशातून जाते आणि बाकीचा खर्च वर्षातून कधीतरी अंगावर येतो. वर्षाला 24,000 किलोमीटर पळणाऱ्या गाडीला दर 3,000 किलोमीटरला ऑइल आणि सर्व्हिसिंग लागते. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक, विमा हे सगळे धरले तर वर्षाला 20,000 रुपये सहज होतात. किलोमीटरमागे 80-85 पैसे. शिवाय लाखाची गाडी पाच वर्षांत 30,000 ची होते, ती झीज आणखी 58 पैसे. पेट्रोलचे 2 रुपये 10 पैसे मिळवले की खरा खर्च किलोमीटरला साडेतीन रुपये. 2000 किलोमीटरचे 7,000. म्हणजे 600 सुटले नाहीत, 2,200 पदरचे गेले.

दुसरी गळती मुक्कामाची. लॉजची बरी खोली 600 रुपयांना, दोन वेळचे जेवण, नाश्ता, चहा 350. हातात 700. रात्रीमागे 250 रुपयांचा खड्डा. तो बुजवायचा रूढ उपाय म्हणजे ‘अप-डाऊन’ : कागदावर फलटणचा मुक्काम दाखवायचा आणि शेवटचा कॉल करून रात्रीच साताऱ्याला परतायचे. पैसे वाचतात, मुलांची भेट होते, म्हणून घरच्यांनाही हे बरे वाटते. पण रात्री दहानंतर साठेक किलोमीटर घाटातून बाइक मारायची आणि तीही दिवसभर उभे राहून काम केल्यावर. वाटेत अपघात झाला तर रिपोर्टप्रमाणे तुम्ही त्या वेळी फलटणच्या लॉजवर असता. मग अपघात ड्युटीवर झाला हे सिद्ध करणे अवघड जाते. आता रिपोर्टिंग अ‍ॅपला जीपीएस असतो, त्यामुळे असा मुक्काम उघडा पडतो आणि खोटे बिल दाखवल्याचा ठपका येऊन नोकरीही जाऊ शकते. भत्ता अपुरा ठेवायचा आणि मग खोटे लिहिल्याबद्दल धरायचे, या सापळ्यात चांगली माणसेही अडकतात.

तिसरी गोष्ट पैसे हातात यायच्या तारखेची. एक तारखेपासून खर्च सुरू होतो. महिनाअखेरीला एक्स्पेन्स स्टेटमेंट भरायचे, ते एरिया मॅनेजरने पास करायचे, मग हेड ऑफिसला तपासणी. एखाद्या दिवसाचा कॉल रिपोर्ट राहिला किंवा टूर प्रोग्रामपेक्षा वेगळे गाव केले, की तेवढ्या दिवसाची कटिंग. पैसे जमा होतात पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या सुमाराला. टीए-डीए आणि लॉज मिळून महिन्याला 14,000 खर्च असेल, तर एकोणीस तारखेला जवळपास 50 दिवसांचा, म्हणजे 22-23 हजारांचा खर्च तुमच्या खिशातून झालेला असतो. ही रक्कम कंपनीला बिनव्याजी वापरायला दिल्यासारखीच. क्रेडिट कार्डावर भागवली तर व्याज तुमचे. नव्या माणसाला तर पहिला पगार व्हायच्या आतच एवढे भांडवल उभे करावे लागते. आणि नोकरी सोडताना शेवटची दोन स्टेटमेंट फुल अँड फायनलच्या फायलीत अडकतात, ती निराळीच.

वेळेचा हिशेबही असाच मांडता येतो. डॉक्टर भेटतात ओपीडी संपताना : दुपारी बारा ते अडीच आणि रात्री आठ ते दहा. मधल्या साडेपाच तासांत केमिस्ट, स्टॉकिस्ट आणि वाट पाहणे. म्हणून हेडक्वार्टरच्या दिवशीसुद्धा घरी यायला साडेदहा होतात आणि शाळेत जाणारी मुले झोपलेली असतात. महिन्याला सहा मुक्काम म्हटले तर सहाच रात्री बाहेर असे वाटते. प्रत्यक्षात मुलांसोबतचे जेवण उरते ते रविवारपुरते. त्या रविवारीही महिना क्लोजिंगला स्टॉकिस्टचे फोन आणि अधूनमधून मीटिंग असतेच. दुपारचे रिकामे तास घरापासून पन्नास किलोमीटरवर असतील तर घराला त्यांचा काही उपयोग नसतो. हेडक्वार्टरचे दिवस जास्त असतील तर मात्र दुपारी मुलांना शाळेतून आणता येते. म्हणून मुक्कामांइतकीच एक्स-स्टेशनच्या दिवसांची संख्याही विचारावी.

हे सगळे ऑफर हातात असतानाच विचारायचे असते. एचआरकडून पॉलिसीची पुस्तिका मिळते. आपण त्या टेरिटरीचा चार्ट आणि एका महिन्याचा टूर प्रोग्राम मागावा. सांगितलेल्या पॅकेजमध्ये टीए-डीए मिळवले आहेत का, हे स्पष्ट करून घ्यावे, कारण खर्चाच्या भरपाईवर ना पीएफ जमा होतो, ना बँक त्यावर गृहकर्ज देते. सुरुवातीला अ‍ॅडव्हान्स मिळतो का आणि अपघात विम्याची रक्कम किती, हेही लेखी असावे. पैसे खरोखर कधी जमा होतात, हे एचआरला नव्हे, तर त्या भागातल्या एखाद्या केमिस्टच्या काउंटरवर भेटणाऱ्या एमआरला विचारावे. तो तारीख सांगतो, आणि कटिंग किती होते तेही.

मग आकडे समोरासमोर ठेवावेत. वरच्या चार्टसह 30,000 पगार असेल तर बाइकचे 2,200 आणि सहा मुक्कामांचे 1,500 वजा जाऊन उरतात 26,300. दुसरी कंपनी 28,000 देते, पण मीटरप्रमाणे किलोमीटरचे पुरेसे पैसे आणि लॉजचे बिल वेगळे देते. दोन हजारांनी लहान दिसणारी ही ऑफर महिन्याला 1,700 रुपयांनी मोठी आहे, आणि हिच्यात रात्रीचा घाट उतरायची गरज पडत नाही.