मिनिटाला किती?

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मिनिटाला किती घेता?" मिनिट म्हणजे तयार फिल्मचं. कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळाची आठ मिनिटांची फिल्म मी मिनिटाला १,५०० रुपयांनी घेतली, म्हणजे १२,००० रुपयांना. हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्यात पाच तासांचं शूटिंग निघालं. १०० एमबीपीएसवर शूट केलेलं फोर-के फुटेज तासाला साधारण ४५ जीबी जागा खातं, म्हणजे हे सव्वादोनशे जीबी झालं.

आलेल्या डिस्कवर थेट काम सुरू करायचं नाही. आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करायची आणि फायलींची संख्या नि आकार जुळवून बघायचे. मग संगणक अडखळू नये म्हणून हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, बनवायच्या. यात काही क्लिप मोबाइलच्या होत्या. मोबाइलचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमी-जास्त होतो. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण दहाव्या मिनिटाला माणूस आधी बोलतो आणि तोंड नंतर हलतं. अशा क्लिप आधीच स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्याव्यात, टाइमलाइनवर कापाकापी झाल्यावर ते निस्तरणं जिवावर येतं.

कॉपी आणि प्रॉक्सीत तीन तास गेले. थांबत थांबत, खुणा करत सगळं बघायला सात, रफ कटला आठ, रंग आणि आवाजाला पाच, करेक्शनला तीन. एकूण २६ तास, म्हणजे तासाला साधारण ४६० रुपये पडले.

मग मालक म्हणाले, "छान आहे हो, पण चारच मिनिटांची करा." निम्मं काय काढायचं हे ठरवण्यात आणखी तीन तास गेले, आणि दराच्या हिशेबाने माझे पैसे मात्र झाले ६,०००! तासाला जेमतेम २०७. मिनिटाचा दर असा उलटा चालतो. पाल्हाळ लावणाऱ्याला जास्त मिळतात, नेटकं कापणाऱ्याला कमी.

तेव्हापासून मी दर मिनिटाचाच सांगतो, पण लांबी आधी लिहून घेतो. फिल्म पुढे आखूड झाली तरी पैसे ठरलेल्या लांबीचेच. तयार मिनिटामागे ३० मिनिटांपर्यंतचं फुटेज त्या दरात बसतं, वरच्या प्रत्येक तासाचे वेगळे पैसे.

करेक्शनच्या फेऱ्या दोन. पहिली रफ कटवर, तिथे काय ठेवायचं नि काय काढायचं ते ठरतं. चित्र पक्कं झाल्याशिवाय मी रंगाला हात लावत नाही, नाहीतर ती मेहनत पुन्हा करावी लागते. दुसरी फेरी बारीकसारीक बदलांची. बदल एकाच माणसाने, एकाच यादीत, वेळेसकट कळवायचे: "२:१४, काकवीचा शॉट लांबतोय." नुसतं "जरा जिवंत करा" म्हटलं तर मी लगेच फोन लावतो. नावातली चूक माझी असेल तर ती फेरीत धरत नाही. नवं शूटिंग पाठवून "हेही घाला" म्हटलं, तर ते नवं काम.

प्रती वॉटरमार्क टाकून पाठवतो. अंतिम फाइल उरलेले पैसे जमा झाल्यावर.