ज्या एसीला पाण्याची नळी नसते

उन्हाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या कडेने चाललं, की वरून एखादा थेंब खांद्यावर पडतोच. स्प्लिट एसीच्या नळीतून गळणारं ते पाणी मशीनमध्ये कोणी भरलेलं नसतं. ते खोलीतल्या हवेतलं बाष्प असतं. एसीचं कॉइल खूप थंड असल्यामुळे बाष्प त्याच्यावर साचतं, खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि नळीने बाहेर जातं. हवा गार करणं आणि कोरडी करणं, ही दोन्ही कामं ते एकच कॉइल करतं.

चिल्ड बीम नावाच्या यंत्रणेत ही दोन कामं वेगळी केलेली असतात. स्कँडिनेव्हियातल्या कार्यालयांत रुळलेली ही पद्धत आहे. छताला एक लांबट पेटी असते आणि तिच्यात गार पाणी फिरवणारं कॉइल असतं. पेटीतल्या बारीक नोझलांमधून ताजी हवा जोरात सुटते आणि आपल्यासोबत खोलीतली दुपटी-तिपटीने जास्त हवा कॉइलवरून ओढून घेते. बीममध्ये पंखा नसतो, त्यामुळे आवाज कमी होतो. उष्णता पाण्यातून वाहून नेली जात असल्याने जागाही वाचते. १० किलोवॅट उष्णता हवेने न्यायची तर साधारण ४५ सेंटिमीटर चौरस डक्ट लागतो. तेवढीच उष्णता पाण्याने न्यायला सव्वातीन सेंटिमीटर व्यासाचा पाइप पुरतो.

मात्र या बीमला ट्रे नसतो आणि निचऱ्याची नळीही नसते. कॉइलवर पाणी साचलं, तर ते थेट खालच्या टेबलावर पडणार. म्हणून बीमचं कॉइल कायम कोरडं राहिलं पाहिजे. बाष्प काढण्याचं काम दुसऱ्याच यंत्राकडे असतं. गच्चीवर किंवा प्लँट रूममध्ये बसवलेलं हे यंत्र फक्त बाहेरची हवा घेतं, ती गाळतं, गार आणि कोरडी करतं आणि बीमकडे पाठवतं. इंजिनिअर त्याला ‘डोआस’ म्हणतात. बीममधून पाणी ठिबकणार की नाही, हे बऱ्याच अंशी या डोआसवर ठरतं.

यातला कळीचा आकडा म्हणजे दवबिंदू. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊ लागतं, ते तापमान. खोलीत २४ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे १३ अंश येतो. या खोलीत १३ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटेल. म्हणजे बीमला सात अंशांचं पाणी देऊन चालणार नाही, ते १३च्या वरच हवं. किती वर, हे एका खोलीचा हिशेब मांडला की कळतं.

समजा मुंबईत दहा माणसांची बैठकीची खोली आहे, क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. बसल्या जागी एक माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दहा जणांचं ८०० ग्रॅम झालं. माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा दिली, तर खोलीत तासाला सुमारे ४३० किलो हवा येते. तिने हे ८०० ग्रॅम उचलून न्यायचे, म्हणजे प्रत्येक किलोमागे १.९ ग्रॅम. खोलीच्या हवेत किलोमागे ९.३ ग्रॅम बाष्प ठेवायचं आहे, तेव्हा येणाऱ्या हवेत ७.४ ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प असून चालणार नाही. इतकी कोरडी हवा हवी तर डोआसमध्ये ती साडेनऊ अंशांपर्यंत गार करावी लागते.

आता बाहेर जुलै महिना आहे, ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. या हवेत किलोमागे साडेएकवीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ते ७.४वर आणायचं, म्हणजे एवढ्या एका खोलीसाठी तासाला सहा लिटर पाणी काढायचं. माणसांचं बाष्प एक लिटरही नव्हतं. खरा भार बाहेरच्या हवेचाच. म्हणून डोआसमध्ये बहुधा एक फिरतं चाक बसवतात. बाहेर जाणारी कोरडी हवा त्यातून जाताना आत येणाऱ्या हवेतलं बरंचसं बाष्प आणि उष्णता घेऊन जाते. उरलेलं काम कॉइल करतं, आणि त्याला मात्र सहा-सात अंशांचंच पाणी लागतं. म्हणून इमारतीत दोन पाणीचक्रं ठेवतात. डोआससाठी थंड पाण्याचं, बीमसाठी कोमट म्हणावं अशा पाण्याचं.

बीमचं पाणी किती अंशांचं ठेवायचं? दवबिंदूवर एक अंश, म्हणजे १४, हे उत्तर कागदावर बरोबर दिसतं. मोह होण्याचं कारणही आहे. १४ अंशांनी आत जाऊन १७ अंशांनी बाहेर पडणाऱ्या पाण्याचं सरासरी तापमान खोलीपेक्षा साडेआठ अंशांनी कमी असतं. पाणी १६ अंशांचं केलं की हा फरक साडेसहा अंशांवर येतो आणि बीमची ताकद जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते. मग बीम लांब घ्यावे लागतात, खर्च वाढतो.

पण एक अंशाची ती फट फार अरुंद असते. आर्द्रतेचा सेन्सर तीन टक्क्यांनी चुकू शकतो. ५० टक्के दाखवत असताना खरी आर्द्रता ५३ टक्के असेल, तर दवबिंदू १४ला टेकलेला असतो. शिवाय दहा जणांच्या खोलीत वीस जण बसतात. तीच हवा येत राहिली, तर बाष्प किलोमागे ११ ग्रॅमपर्यंत चढतं आणि दवबिंदू साडेपंधराच्या वर जातो. एवढ्या खोलीत दवबिंदू १४ अंश ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पाणी १४ अंशांचं असेल, तर बैठकीचा पहिला मुद्दा संपण्याआधी बीम घामेजलेला असेल. १६ अंशांचं असेल, तर तो निभावतो. म्हणून पाणी १६ अंशांचं आणि बीम थोडे लांब, हाच पावसाळी हवेतला शहाणा पर्याय.

उघडी खिडकी मात्र १६ अंशांनाही झेपत नाही, कारण जुलैतल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंश असतो. म्हणून खिडकीला स्विच लावतात. ती उघडली की त्या खोलीचं पाणी बंद. सारखं दार उघडं राहणाऱ्या प्रवेशदालनात आणि स्वयंपाकघरात बीम लावतच नाहीत. सोमवारी सकाळचा क्रमही ठरलेला असतो. दोन दिवस बंद राहिलेल्या इमारतीत दमट हवा शिरलेली असते, म्हणून आधी डोआस चालवून खोल्या कोरड्या करायच्या आणि दवबिंदू उतरल्यावरच बीमचं पाणी सोडायचं.

चूक झालीच, तर पहिला थेंब बहुधा बीमच्या कॉइलवर दिसत नाही. तो पाणी आत येणाऱ्या पाइपच्या वळणावर किंवा व्हॉल्व्हवर दिसतो, कारण पाणी तिथे सर्वांत थंड असतं आणि इन्सुलेशन नेमकं तिथेच अर्धवट राहतं. छताच्या फळीवर तपकिरी डाग दिसला, की आधी तिथे हात लावून पाहावा. मग गच्चीवर जाऊन डोआसमधून निघणाऱ्या हवेचा दवबिंदू वाचावा. तिथे साडेनऊऐवजी १२ अंश दिसले, तर खाली दहाच माणसं बसलेली असतानाही खोलीचा दवबिंदू १५ अंशांवर गेलेला असतो. अशा वेळी बीम पुसून उपयोग नाही. गच्चीवरचं कॉइल साफ होऊन तिथला आकडा पुन्हा साडेनऊवर येईपर्यंत बीमचं पाणी १६च्या खाली आणायचं नाही.