एकच उशीर, तीन मेल

समजा, चाकणच्या एका कारखान्यात १२ तारखेला यायचे २,००० ब्रॅकेट १६ला येणार, असं खरेदी विभागातल्या इंजिनिअरला सकाळी कळतं. हातातला साठा १३ तारखेपर्यंतच पुरेल. ही बातमी त्याला तिघांना लिहायची आहे.

प्लॅनिंगमधल्या सहकाऱ्याला तो लिहितो, ‘अरे, ब्रॅकेट १६लाच येतायत. १४-१५ला दुसरं मॉडेल लावता येईल? तीनपर्यंत सांग, सरांना कळवायचंय.’ एवढं पुरतं. रोज सोबत डबा खाणाऱ्याला ‘आपणास विनंती की’ लिहिलं, तर आपलं काय चुकलं हेच तो शोधत बसेल. मात्र सीसीमध्ये साहेब असतील, तर ‘अरे’ गाळलेलं बरं.

प्लांट हेडच्या मेलमध्ये ‘सर’ आणि ‘आपण’ येतातच, पण खरा आदर मांडणीत दिसतो. ‘सर, ब्रॅकेट चार दिवस उशिरा येत आहेत. १४-१५ला दुसरं मॉडेल घ्यावं, किंवा ५०० नग जादा वाहतूक खर्चाने आधी मागवावेत. मला पहिला पर्याय योग्य वाटतो. आज पाचपर्यंत आपला निर्णय मिळावा.’ उशिराची सगळी कहाणी खाली, हवी असेल तर वाचण्यापुरती. ‘आपल्या व्यस्त वेळेतून’ वगैरे प्रस्तावनेने साहेबांचा वेळच जातो.

सर्वाधिक जपून लिहायचा तो पुरवठादाराला. त्याच्याशी रोज फोनवर बोलणं असतं, त्यामुळे ‘ठीक आहे शेठ, १६ला पाठवा’ हे सहज लिहिलं जातं. इथेच घोटाळा होतो. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ५५नुसार, मुदत हा कराराचा गाभा असेल आणि खरेदीदाराने उशिराचा माल स्वीकारला, तर स्वीकारतानाच तशी सूचना दिल्याशिवाय त्या उशिराची नुकसानभरपाई मागता येत नाही. आणि मेल म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. बॉक्साइट पुरवठ्यावरून झालेल्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं, की औपचारिक करारपत्रावर सह्या झाल्या नसल्या, तरी ईमेलमधून पक्का करार होऊ शकतो.

म्हणून इथे ‘शेठ’ फोनवरच ठेवावं. विषयाच्या ओळीत पर्चेस ऑर्डरचा क्रमांक द्यावा आणि पुढे लिहावं: ‘नमस्कार. ठरलेली तारीख १२ होती. आपण आज फोनवर १६ तारीख कळवली. माल आम्ही स्वीकारू. मात्र उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मागण्याचा आमचा हक्क राखून ठेवत आहोत. माल रवाना होताच गाडीचा क्रमांक कळवावा.’ यात राग नाही, धमकीही नाही. ‘ऑर्डर रद्द करू’ हे वाक्य तर अधिकार नसताना लिहूच नये, कारण समोरचा ते कंपनीचं म्हणणं समजून चालणार. आणि हा मेल फोन झाला त्याच दिवशी जायला हवा, गाडी गेटवर येऊन माल उतरण्याआधी.