सेंधव्यापर्यंत अर्धीच बाटली

पिथमपूरहून माल भरून मुंबईकडे निघालेला ट्रकचालक पाणी कमी पितो, ते आळसापोटी नव्हे. पाणी प्यायलं की लघवीला लागणार, लागली की गाडी लावावी लागणार, आणि मानपूरच्या पुढे गणेश घाटाच्या उतारावर भरलेली गाडी कडेला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून धामणोद, खलघाट मागे पडून सेंधवा आलं तरी लिटरची बाटली अर्धीच रिकामी झालेली असते. या हिशेबात घाम तेवढा धरायचा राहतो. निमाडच्या उन्हात तापलेल्या केबिनमध्ये शरीरातलं पाणी आधी घामावाटे जातं आणि उरेल त्यात मूत्रपिंडाला भागवावं लागतं. बाहेर टाकायचे क्षार मात्र जवळपास तेवढेच असतात. दिवसाच्या दोन लिटर लघवीतून जे वाहून जायचं, ते सहाशे मिलिलिटरमध्ये आलं तर लघवी तिपटीहून दाट होते. मग कॅल्शियम ऑक्झॅलेटचे कण विरघळेनासे होतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा मुतखडा होतो.

उलट बाजूचा पुरावाही आहे. इटलीतल्या पार्मा इथे पहिल्यांदाच खडा झालेल्या 199 जणांची पाच वर्षं पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 1996मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलेल्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला. ज्यांना असं काही सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी 27 टक्क्यांना. म्हणजे पाण्याने धोका निम्म्याहून कमी झाला, पण संपला नाही. खड्याला आहार आणि आनुवंशिकताही कारण असते.

यावर चालक म्हणेल, वेळ कुठे आहे? दिवसाला अडीच लिटर लघवी म्हणजे तासाला साधारण शंभर मिलिलिटर. मूत्राशय तीन-चार तास सहज थांबतं. 2025पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 तर सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती द्यायला सांगत होता. तेव्हा जादा थांबे फारसे लागत नाहीत. घाटाआधी ब्रेक तपासायला, जेवायला, टायर बघायला गाडी थांबतेच, त्याच थांब्यांना पाणी आणि लघवी जोडायची. दुसरा आक्षेप बोअरच्या जड पाण्याचा. पण पाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवू शकतं, त्यामुळे जड पाण्याच्या धास्तीने तहानलेलं राहणं हाच अधिक तोट्याचा सौदा. बिअरने खडा पडतो हा ढाब्यावरचा सल्लाही फसवा आहे: पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेच खडे आपोआप पडतात आणि श्रेय बिअरला जातं.

खडा झाल्यावर सवय बदलणाऱ्याने लिटर मोजत बसू नये, लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गर्द पिवळी दिसली तर पुढच्या थांब्याची वाट न पाहता प्यावं. रात्री लघवी सर्वांत दाट होते, म्हणून झोपण्याआधीचा पेला चुकवू नये. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. कळ येऊन ताप भरला किंवा लघवी अडली, तर घाट उतरायचा नाही, गाडी तिथेच लावून दवाखाना गाठायचा.